गोळ्या सुरू झाल्या आणि डोळे गेले?

मेच्या शेवटच्या आठवड्यात तात्या दुकानात आले ते खुशीतच. (त्यांचं नाव देत नाही. गावात त्यांना सगळे तात्याच म्हणतात, आणि मालवणात तात्या काही कमी नाहीत.) वय चोपन्न. पूर्वी रापणीवर होते, आता दोन ट्रॉलरवाल्यांची फाटलेली जाळी दुरुस्त करून देतात. जवळचा प्लस दोनचा चष्मा दहा-बारा वर्षांत हळूहळू चढत गेलेला, लांबचं मात्र कायम लख्ख.

"डॉक्टरानू, माझो नंबर गेलो. आता बिनचष्म्यान पेपर वाचतंय."

मी डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नंबर तपासणारा. पण ते सांगण्याच्या भानगडीत आता पडत नाही. मी एवढंच विचारलं, "आणि लांबचं?" तर तात्या जरा गप्प झाले. मग म्हणाले, की परवा कणकवलीला जायचं होतं आणि बसले कुडाळच्या एसटीत. पाटीवरचा पहिला 'क' दिसला, पुढचं सगळं धुरकट.

चोपन्नाव्या वर्षी जवळचा चष्मा आपोआप सुटत नाही. कुणी तसं सांगत आलं, की माझ्या डोक्यात दोनच गोष्टी येतात. एक म्हणजे मोतीबिंदूची एक जात, ज्यात भिंगाचा गाभा घट्ट होत जातो. पण ते महिनोन्‌महिने चालतं. दुसरी म्हणजे साखर. तात्यांचं सगळं पंधरा दिवसांत घडलं होतं. तपासल्यावर दोन्ही डोळ्यांना लांबचा नंबर निघाला मायनस दीड. दोन वर्षांपूर्वीच्या माझ्याच कार्डावर तो शून्य होता. तहान लागते का, रात्री लघवीला किती वेळा उठता, पँट सैल झाली का, असं विचारत गेलो आणि तिन्हींना होकार आला. समोरच्या लॅबमध्ये पाठवलं. साखर ३८६.

हे कसं होतं ते आधी समजून घेऊ, कारण पुढचा गोंधळ त्याशिवाय उलगडत नाही.

डोळ्यात शिरणारा प्रकाश मागच्या पडद्यावर नेमका जुळवायला साधारण साठ नंबरांची ताकद लागते. त्यातली चाळीसेक समोरच्या पारदर्शक बुबुळाची आणि वीसच्या आसपास आतल्या नैसर्गिक भिंगाची. साठातला एखाद-दुसरा नंबर इकडेतिकडे झाला, की एसटीची पाटी वाचता येत नाही. बुबुळाची ताकद सहसा बदलत नाही. बदलते ती आतल्या भिंगाची.

या भिंगाला रक्तवाहिन्या नसतात. डोळ्यात सतत पाझरणाऱ्या पाण्यातून ते आपलं खाणं घेतं, आणि रक्तात साखर वाढली की त्या पाण्यातही वाढते. स्नायूंच्या पेशींना साखर आत घ्यायला इन्सुलिन लागतं, भिंगाला लागत नाही. बाहेर जास्त असेल तर आत जास्त शिरते. आत शिरलेल्या जादा साखरेतल्या काही भागाचं भिंगातलं एक एन्झाइम सॉर्बिटॉल नावाच्या पदार्थात रूपांतर करतं. अडचण या सॉर्बिटॉलची आहे. साखर सहज ये-जा करते, पण सॉर्बिटॉल पेशीच्या भिंतीतून बाहेर पडायला फार वेळ घेतं. ते आत साठत जातं आणि आपल्याकडे पाणी ओढतं.

पाणी आलं की भिंगात दोन गोष्टी एकदम होतात, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध असतात. भिंग फुगून गोलसर झालं तर त्याची ताकद वाढते आणि नंबर मायनसकडे सरकतो. तेच पाणी भिंगातली प्रथिनं पातळ करतं, त्यामुळे प्रकाश वळवण्याची त्याची शक्ती घटते आणि नंबर प्लसकडे सरकतो. या ओढाताणीत जिचा जोर जास्त तिच्या बाजूला नंबर जातो. चढलेली साखर दिवसेंदिवस राहिली की बहुतेकदा मायनस जिंकतो, पण काहींच्या बाबतीत उलटंही होतं. म्हणून नुसत्या नंबराच्या दिशेवरून साखर ओळखायला जाऊ नये. अचानक झालेला बदल, दोन्ही डोळ्यांत जवळपास सारखा, ही खूण जास्त भरवशाची.

तात्यांचा नंबर मायनसकडे गेला होता. मायनस दीडचा माणूस चष्म्याशिवाय साधारण पासष्ट सेंटिमीटरपर्यंतचं स्पष्ट पाहतो. हात जरा लांब केला की पेपर नेमका तिथेच येतो. 'नंबर गेलो' म्हणजे एवढंच. जुना प्लस दोनचा चष्मा त्यांनी लावून पाहिला, तर पेपर नाकाजवळ आणावा लागत होता. 'ह्यो चष्मो बिघडलो' असं ठरवून तो त्यांनी कपाटात टाकलेला.

त्या दिवशी मी त्यांना लांबचा चष्मा करून दिला नाही. दुकानदार म्हणून ते सोपं होतं, आणि तात्याही पैसे काढून बसले होते. पण हीच चूक मी बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा केली आहे. एका मास्तरांना इन्सुलिन सुरू झालं त्याच आठवड्यात लांबचं-जवळचं एकाच काचेतून दाखवणाऱ्या प्रोग्रेसिव्ह काचा बनवून दिल्या. महिन्याभरात त्या काचा त्यांच्यासाठी खिडकीच्या काचेइतक्याच कामाच्या राहिल्या. पैसे मी परत केले, पण त्यांना वाटलं ते वाटलंच, की याला नंबर काढता येत नाही. तात्यांना मी आधी डॉक्टरांकडे पाठवलं आणि बजावून सांगितलं, "औषध सुरू झाल्यावर दिसायला आणखी बिघडेल. उलट्या बाजूने बिघडेल. घाबरायचं नाही, आणि औषध सोडायचं नाही."

हे आधी सांगितलं नाही तर काय होतं ते पुष्कळ वेळा पाहिलंय. सांगूनही जे झालं ते असं.

दहाव्या-बाराव्या दिवशी तात्या परत आले. या वेळी रागात. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा एचबीए१सी बारापेक्षा जास्त आला होता, म्हणून डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर थोडे दिवस इन्सुलिनही दिलं होतं. उपाशीपोटीची साखर १४० पर्यंत उतरली होती, तहान गेली होती, रात्री झोप लागत होती. आणि डोळे?

"गोळये सुरू झाले आनि डोळे गेले. जाळ्याची गाठ खंय बसता ता दिसना नाय. ता औषद माका नको."

जून लागला होता. मासेमारीची बंदी, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, म्हणजे जाळी दुरुस्तीचा ऐन हंगाम. वर्षाच्या कमाईतला मोठा भाग याच दोन महिन्यांत यायचा. त्यांच्या जागी मीही चिडलो असतो. तपासलं तर लांबचा नंबर आता प्लस सव्वा होता. दहा-बारा दिवसांत मायनस दीडवरून प्लस सव्वा, म्हणजे जवळजवळ पावणेतीन नंबरांची उडी. जवळच्या कामाला त्यांना आता प्लस सव्वातीन लागत होता, आणि कपाटातून पुन्हा काढलेला चष्मा होता प्लस दोनचा. हात कितीही लांब केला तरी गाठ दिसणार नव्हतीच.

साखर उतरली तर डोळे सुधारायला हवेत, बिघडले कसे? मी त्यांना खाऱ्या बांगड्याचं उदाहरण दिलं. मालवणात याहून सोपं उदाहरण मला सुचत नाही. मीठ लावून ठेवलेला बांगडा करायच्या आधी आपण गोड्या पाण्यात टाकतो. तासाभरात तो फुगतो आणि मऊ पडतो. बाहेर साधं पाणी, आत मीठ. मीठ बाहेर यायला वेळ लागतो, पाणी मात्र पटकन आत शिरतं. भिंगाचंही हेच होतं. आठवडेच्या आठवडे ते चढ्या साखरेत मुरलेलं असतं आणि आत सॉर्बिटॉल साठलेलं असतं. औषधाने बाहेरची साखर भराभर उतरली, पण आतलं सॉर्बिटॉल अजून तिथेच आहे. मग पाणी आत घुसतं, भिंगातली प्रथिनं पातळ होतात आणि नंबर प्लसकडे झुकतो. जसजसं सॉर्बिटॉल निचरत जाईल, तसतसं भिंग आपल्या मूळ रूपावर येतं.

यातून दोन गोष्टी समजतात. साखर जितकी जास्त होती आणि जितकी झपाट्याने उतरली, तितकी ही उडी मोठी. अर्ध्या नंबराचीही असते, तीन-साडेतीन नंबरांचीही पाहायला मिळते. दुसरं म्हणजे हे आपोआप ओसरतं. साधारण आठवडा-दोन आठवड्यांत ते शिगेला पोचतं आणि मग उतरणीला लागतं. काहींना दोन-तीन आठवड्यांत पूर्वीसारखं दिसतं, काहींना दोन-अडीच महिने लागतात. या काळात औषध सोडलं तर साखर परत चढते, भिंग पुन्हा चढ्या साखरेत मुरतं, आणि कधीतरी औषध घ्यावं लागलं की हाच खेळ पहिल्यापासून. 'मला औषध सोसत नाही' असं सांगत वर्षं काढणारे लोक मला माहीत आहेत. त्यांना औषध सोसत नव्हतं असं नाही. ते दर वेळी चुकीच्या आठवड्यात थांबले.

पण म्हणून साखरवाल्या माणसाचं प्रत्येक धूसर दिसणं भिंगाच्या माथी मारायचं नाही. भिंगाचा हा बदल दिवसांच्या हिशेबाने होतो, मिनिटांच्या नाही. दुपारी जेवण झालं आणि तीन वाजता धूसर दिसलं, चार वाजता साफ, तर भिंगापेक्षा दुसरं काही असण्याची शक्यता जास्त. डोळे मिचकावल्यावर साफ होत असेल तर बहुधा डोळे कोरडे पडतायत, आणि हे मधुमेहात नेहमीचं आहे. धूसर दिसण्याबरोबर घाम, थरथर, धडधड, एकदम भूक असेल तर साखर उतरलेली असू शकते. तेव्हा चष्म्याचा विचार बाजूला ठेवून ग्लुकोमीटर काढायचा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. मीटर जवळ नसेल आणि लक्षणं स्पष्ट असतील तर आधी साखर घ्यावी.

घरच्या घरी करता येईल अशी एक चाचणी सांगतो. जाड पोस्टकार्डाला गोधडी शिवायच्या सुईने एक भोक पाडा, साधारण मिलिमीटरभराचं. एक डोळा झाका आणि दुसऱ्याने त्या भोकातून कॅलेंडरचे लांबचे आकडे पाहा. भोकातून बरंच स्पष्ट दिसलं तर गडबड बहुधा नंबराची आहे, कारण बारीक भोकातून येणाऱ्या प्रकाशाला भिंगाची फारशी मदत लागत नाही. भोकातूनही तसंच धूसर दिसलं तर मागे पडद्यावर किंवा भिंगाच्या पारदर्शकतेत काहीतरी असू शकतं. या चाचणीचा उपयोग धोका लवकर कळावा एवढाच. ती पास झाली म्हणून डोळ्यांची तपासणी टाळता येत नाही.

एकाच डोळ्याचं अचानक गेलं, डोळ्यापुढे एकाएकी काळे ठिपके किंवा जाळं तरंगायला लागलं, कोपऱ्यातून पडदा ओढल्यासारखं वाटलं, कौलांची सरळ ओळ वाकडी दिसू लागली, दुहेरी दिसलं किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला, तर ते भिंगाचं फुगणं नव्हे. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. आणि एक मुद्दा शिकलेल्या लोकांच्याही लक्षात येत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यात कृत्रिम भिंग असतं, ते साखरेने फुगत नाही. अशा डोळ्याचं दिसणं कमी-जास्त होत असेल तर 'साखरेमुळे होतं' म्हणून घरी थांबणं चुकीचं आहे. तिथे आधी पडद्यावरची सूज तपासायला हवी.

तात्यांनाही मी पहिल्याच आठवड्यात बाहुली मोठी करून पडदा तपासायला पाठवलं होतं. कुणाला टाइप २ मधुमेह पन्नाशीत कळला म्हणजे तो त्याच दिवशी सुरू झाला असं नसतं. बरीच वर्षं तो आत असू शकतो. म्हणून या प्रकारात निदान झाल्या झाल्याच पडदा पाहतात आणि नंतर वर्षातून एकदा तरी. शिवाय पडद्यावर आधीच बिघाड असेल तर साखर फार झपाट्याने उतरवताना तो काही काळ वाढू शकतो. डॉक्टरांना ते आधी माहीत असलेलं बरं. तात्यांच्या पडद्यावर दोन-चार बारीक रक्ताचे ठिपके होते, मधल्या भागात सूज नव्हती. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितलं. थेंब घातल्यावर तीन-चार तास जवळचं दिसत नाही आणि उन्हाचा त्रास होतो. त्या दिवशी स्कूटर घरी ठेवून कुणालातरी बरोबर न्यावं.

आता प्रश्न उरला जूनच्या जाळ्यांचा. दोन महिने थांबा असं म्हणणं मला सोपं होतं. पोट तात्यांचं होतं. तयार मिळणारा प्लस तीनचा चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला, दीड-दोनशे रुपयांचा. सव्वातीनला तो पुरेसा जवळ होता. सांगितलं, की जसजसे दिवस जातील तसतसं याने काम जवळ आणावं लागेल. जाळं छातीशी यायला लागलं, की समजा नंबर उतरतोय, तेव्हा दोनचा जुना चष्मा पुन्हा लावून बघा. हा काटा त्यांना आवडला. मधल्या काळात त्यांना गाडी चालवायची नव्हती. ज्यांना चालवावीच लागते, रिक्षावाले किंवा होडीवर तांडेल असणारे, त्यांना मी जुन्याच फ्रेममध्ये स्वस्तातल्या साध्या काचा बसवून देतो आणि महिन्याभरात त्या टाकून द्याव्या लागतील हे आधीच सांगतो. रात्रीचं चालवणं शक्य तेवढं टाळायला सांगतो. प्रोग्रेसिव्ह किंवा महागडं कोटिंग या काळात कुणालाच नको.

कायमचा चष्मा कधी? माझा हिशेब असा. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तीन-चार आठवडे एका पट्ट्यात राहिली पाहिजे, आणि त्या काळात औषधाचा डोस बदललेला नको. मग नंबर काढायचा. दोन-तीन आठवड्यांनी, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी, पुन्हा काढायचा. दोन्ही पाव नंबराच्या फरकात जुळले तर काचा टाकायच्या. अर्ध्याहून जास्त फरक असेल तर अजून थांबायचं. तीन महिने गेले, साखर स्थिर आहे आणि नंबर तरीही हलतोय, तर कारण साखर नाही असं धरून डोळ्यांची पूर्ण तपासणी करायची.

इथे अनेकांचा एक गैरसमज होतो. साखर 'चांगली' झाल्याशिवाय चष्मा करता येत नाही असं त्यांना वाटतं. चष्म्यासाठी ती स्थिर लागते, चांगली असण्याचा प्रश्न वेगळा. २२० वर महिनोन्‌महिने बसलेल्या माणसाचाही नंबर जुळतो आणि चष्मा छान बसतो. फक्त उद्या डॉक्टरांनी औषध वाढवलं आणि साखर १३० वर आली, की तोच चष्मा निकामी. म्हणून औषध बदलायचं चाललं असेल तर चष्मेवाल्याला ते सांगा. आणि त्याने विचारलं नाही तर आपणहून सांगा, कारण आमच्यातले बरेच जण विचारत नाहीत.

आंबे, गणपती, शिमगा यांचंही लोक विचारतात. चार दिवस आमरस झाला आणि साखर दोनशेच्या वर गेली-आली, तर नंबर पाव-अर्धा सरकू शकतो. कुणाला कळतही नाही. पण अख्खा मे महिना साखर चढी राहिली तर जूनमध्ये काढलेला नंबर मेचा असतो, तुमचा नाही. आमच्याकडे चष्म्याची गर्दी नेमकी मे महिन्यात असते, मुंबईची माणसं गावी आलेली असतात म्हणून. मधुमेह असेल तर त्या गर्दीत शिरू नका.

तात्यांचा पुढचा हिशेब माझ्या कार्डावर आहे. नंबराशेजारी त्या दिवशीची साखर लिहायची सवय मी मास्तरांच्या प्रकरणानंतर लावून घेतली. तिसऱ्या आठवड्यात प्लस एक, साखर १३२. सहाव्या आठवड्यात प्लस अर्धा, साखर १२६. आठव्या आठवड्यात शून्य, साखर १२८. दहाव्या आठवड्यात, नारळी पौर्णिमेच्या आसपास, पुन्हा शून्य आणि जवळचा प्लस दोन. म्हणजे जो चष्मा त्यांनी 'बिघडलो' म्हणून कपाटात टाकला होता, नेमका तोच. काचांवर चरे होते, म्हणून त्याच नंबराच्या नव्या काचा टाकून दिल्या. बाकी काही नाही.

पुढच्या वर्षी मेच्या मध्यावर तात्या पुन्हा दुकानात आले. हातात लॅबचा कागद, साखर २६०.

"पेपर परत बिनचष्म्यान दिसाक लागलो," ते म्हणाले, "म्हणान आधी रगत तपासून इलंय."